वॉचमन आणि किल्ली

रात्री चार्जिंगला लावलेला फोन पहाटे केव्हातरी स्वतःहून अपडेट होतो. सकाळी एका हातात चहाचा कप धरून माणूस दुसऱ्या हाताचा अंगठा नेहमीसारखा टेकवतो, आणि फोन ढिम्म. पडद्यावर एक ओळ येते: फोन रीस्टार्ट झाला आहे, पिन टाका. अंगठा कालचाच, फोन कालचाच, मग हा नखरा कशासाठी, असं पुटपुटत तो पिन आठवू लागतो. कधीकाळी टाकलेला, महिन्यातून एखाद्या वेळी लागणारा. नाही आठवला, की कपाळाला घाम.

ही धांदल एकदा अनुभवलेली मंडळी पुढच्या वेळी पिन सोपा ठेवतात. १२३४, नाहीतर मुलाचं जन्मसाल, नाहीतर स्कूटरचा नंबर. त्यामागचा हिशेब असा, की रोज वापरायचा तो अंगठा; पिन फक्त नावापुरता, अडीनडीला. हा हिशेब नेमका उलटा आहे. फोनच्या दृष्टीने खरा मालक पिन आहे आणि अंगठा त्याच्या परवानगीने काम करणारा नोकर आहे. रीस्टार्टनंतरची ती ओळ हेच सांगत असते.

आजच्या फोनमध्ये फोटो, मेसेज, बँकेची ॲप अशी सगळी माहिती साध्या वाचता येण्याजोग्या रूपात पडलेली नसते. ती गणिताने विसकटून ठेवलेली असते, आणि ती पुन्हा जुळवायला एक लांबलचक संख्या लागते. ही संख्या म्हणजे किल्ली. ती फोनमध्ये उघडी ठेवली तर चोराच्या हाती तयार सापडेल, म्हणून ती दर वेळी नव्याने घडवावी लागते. माणसाने टाकलेला पिन आणि चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला, बाहेर वाचता न येणारा एक गुप्त आकडा, या दोहोंच्या मिश्रणातून ती घडते. पिनमधला एक अंक चुकला तरी पूर्ण वेगळी संख्या तयार होते, आणि ती कुलपात फिरत नाही.

बोटाच्या ठशाला हे जमत नाही, कारण बोट दर वेळी तेच चित्र देत नाही. ते कधी जरा तिरकं टेकतं, कधी ओलं असतं, कधी विळीवर कापलेलं असतं. सेन्सरला प्रत्येक वेळी थोडी निराळी प्रतिमा दिसते, आणि फोन तिची साठवलेल्या नमुन्याशी तुलना करून ‘पुरेसं जुळतंय’ किंवा ‘जुळत नाही’ एवढंच ठरवतो. ओळख पटवायला ‘पुरेसं’ चालतं. किल्ली घडवायला शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत लागतं.

सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनची कल्पना केली, तर हा सगळा व्यवहार डोळ्यांसमोर येतो. सकाळी घरमालक घराची किल्ली वॉचमनकडे देतो. दिवसभर मालक आला, की वॉचमन चेहरा ओळखून दार उघडतो. मालकाला खिशात हात घालावा लागत नाही. रात्री वॉचमनची पाळी संपते, नवा माणूस रिकाम्या हाताने येतो. त्याला मालकाचा चेहरा माहीत असला तरी त्याच्याकडे दार उघडायला काहीच नाही. पुन्हा किल्ली द्यावी लागते. फोन सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिन टाकला, की चिपमधला एक सुरक्षित कप्पा ती किल्ली सांभाळतो आणि ठसा जुळला की वापरू देतो. फोन बंद पडला, की कप्प्यातली ही किल्ली पुसली जाते.

किल्ली फार दिवस वॉचमनकडे राहू नये, अशीही तजवीज आहे. अँड्रॉइडच्या नियमानुसार सर्वांत भक्कम वर्गातल्या सेन्सरलासुद्धा जास्तीत जास्त ७२ तास मिळतात. मग एकदा पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड द्यावाच लागतो. आयफोन ४८ तास उघडला गेला नाही, किंवा ठसा लागोपाठ पाच वेळा जुळला नाही, तर अंगठ्याला बाजूला सारून पासकोड मागतो. साडेसहा दिवस पासकोड टाकलेलाच नसेल आणि गेल्या चार तासांत बोटाने फोन उघडलेला नसेल, तरी तेच. बराच काळ झोपेत असलेला फोन सकाळी सकाळी अचानक पिन का मागतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

शिवाय अंगठा न चालण्याचे साधे प्रसंग आहेतच. भाकरीचं पीठ मळताना, भात लावणीच्या दिवसांत, भांडी घासून सुरकुतलेल्या बोटांनी सेन्सर हमखास रुसतो. रेशन दुकानातल्या यंत्रावर वर्षानुवर्षं कष्टाने झिजलेलं बोट टेकवून टेकवून दमलेली आजी महाराष्ट्रात कोणाला अनोळखी नाही. फोनचा सेन्सर त्याहून फार दयाळू नसतो.

आणि ठसा फसवताही येतो. सप्टेंबर २०१३मध्ये ठसा ओळखणारा पहिला आयफोन, म्हणजे ५एस, बाजारात आला आणि दोन दिवसांच्या आत जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबने तो उघडून दाखवला. काचेवर उमटलेल्या ठशाचा बारकाईने फोटो काढायचा, तो पारदर्शक कागदावर जाड शाईत छापायचा आणि त्यावर लॅटेक्स किंवा लाकडाचा पांढरा गोंद ओतून पातळ साल तयार करायची, एवढीच ती कृती. २०१९मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१०वर काही सिलिकॉनची कव्हरं चढवली, की कोणाच्याही बोटाने फोन उघडतो असं आढळलं आणि कंपनीला घाईने दुरुस्ती पाठवावी लागली. २०१६च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये सहा वर्षांच्या एका मुलीने सोफ्यावर झोपलेल्या आईचा अंगठा फोनला टेकवला आणि २५० डॉलरची पोकेमॉनची खेळणी मागवली. तिला लॅटेक्सचीही गरज पडली नाही.

तरीही खरं सांगायचं तर सामान्य माणसाने लॅटेक्सच्या सालीला घाबरण्यात अर्थ नाही. तेवढे कष्ट पाकीटमार घेत नाही. अॅपलच्या म्हणण्यानुसार परक्या माणसाचं एक बोट चुकून जुळण्याची शक्यता ५० हजारांत एक आहे. ती चारअंकी पिनपेक्षाही बरी, कारण चारअंकी पिन एकूण १० हजारच असतात. धोका वेगळ्याच वाटेने येतो. वॉचमनला फसवण्यापेक्षा किल्ली पाहून घेणं सोपं असतं.

हे किती सोपं असतं, ते फेब्रुवारी २०२३मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने उघड केलं. अमेरिकेतल्या शहरांत बारमध्ये रात्री उशिरा तरुणांशी गप्पा मारायच्या, ते फोनमध्ये पासकोड टाकत असताना तिरक्या नजरेने पाहायचं आणि मग फोन लांबवायचा, असा धंदा करणाऱ्या टोळ्या होत्या. फोन चेहरा ओळखून उघडणारे होते; तरीही पासकोड मिळायचा. कधी नंबर टाकून देण्याच्या बहाण्याने चोरटा फोन हातात घ्यायचा, तो लॉक झाला की साळसूदपणे विचारायचा, ‘अरे, लॉक झाला, पासकोड काय?’ आणि माणूस सांगून टाकायचा. मिनियापोलिसमधल्या एका टोळीवर किमान ४० जणांना मिळून सुमारे ३ लाख डॉलरना लुबाडल्याचा आरोप झाला.

पुढचा क्रम लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. चोरटा पासकोड टाकून फोन उघडायचा. त्याच पासकोडच्या बळावर अॅपलच्या खात्याचा पासवर्ड बदलायचा. जुना पासवर्ड त्याला लागायचाच नाही. मग हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद करायचा, म्हणजे मालकाला दुरून फोन पुसताही येत नसे. आणि मग तो फोनला स्वतःचा चेहरा शिकवायचा. चेहरा किंवा बोट ओळखून उघडणारी ॲप आता चोराला ओळखू लागायची. नव्या ठशासाठी फोन जुना ठसा मागत नाही, पिन मागतो. ज्याच्या हाती किल्ली, तो वॉचमनला सांगू शकतो की हा माणूसही घरचाच, याला सोडत जा.

या बातमीनंतर अॅपलने जानेवारी २०२४मध्ये आयओएस १७.३सोबत चोरीच्या फोनसाठी खास संरक्षण आणलं. घर किंवा कचेरीसारख्या नेहमीच्या जागेपासून दूर असताना खात्याचा पासवर्ड बदलायचा, तर चेहरा किंवा ठसा द्यावाच लागतो, पासकोडवर भागत नाही. शिवाय एक तास थांबून ती ओळख पुन्हा पटवावी लागते. अँड्रॉइडमध्येही ‘आयडेंटिटी चेक’ या नावाने २०२५पासून काही फोनांवर याच धर्तीची सोय आली. ज्यांच्या फोनवर ही सोय आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन ती सुरू आहे ना, एवढं पाहून घ्यावं. बँकांच्या बऱ्याच ॲपमध्ये आणखी एक खबरदारी असते: फोनमध्ये नवं बोट नोंदलं गेलं, की ॲप बोटाने उघडणं थांबवतं आणि आपला स्वतंत्र पासवर्ड मागतं. पण ती प्रत्येक ॲपमध्ये असेलच असं नाही.

भारतात या गोष्टीला आणखी एक वळण आहे. इथे बहुतेक व्यवहारांची दुसरी किल्ली म्हणजे ओटीपी, आणि तो येतो त्याच फोनवर, एसएमएसने. यूपीआयचा पिन स्क्रीनच्या पिनहून वेगळा असतो हे खरं. स्क्रीनचा पिन कळला म्हणून खात्यातून लगेच पैसे जात नाहीत. पण यूपीआयचा पिन नव्याने लावायला काय लागतं? डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी. ओटीपी फोनवर येतोच. राहिलं कार्ड. ते फोनच्या कव्हरमागे खोचलेलं असतं किंवा त्याचा फोटो गॅलरीत असतो. आधार कार्डाचा फोटो तर व्हॉट्सॲपवरच्या कुठल्यातरी गटात पडलेला असतोच. उघडा फोन आणि हे दोन फोटो एकत्र आले, की सगळी साखळी पूर्ण.

ही साखळी ज्या चार किंवा सहा अंकांवर लोंबकळते, ते अंक लोक कसे निवडतात?

२०११मध्ये डॅनियल अमिटे या अमेरिकन प्रोग्रॅमरने आपल्या आयफोन ॲपमध्ये लोकांनी लावलेले २ लाखांहून अधिक चारअंकी पासकोड, नावं न घेता, गोळा करून मोजले. पहिला क्रमांक अर्थातच १२३४. मग ००००, २५८०, ११११, ५५५५, ५६८३, ०८५२, २२२२, १२१२ आणि १९९८. या दहा आकड्यांतच १५ टक्के लोक सामावले होते. म्हणजे दहा हजार शक्यता असताना चोराने फक्त हे दहा करून पाहिले, तरी सातांतला एक फोन उघडला असता. २५८० हा कळफलकाचा मधला उभा स्तंभ, आणि ०८५२ तोच खालून वर. ५६८३ हा आकडा ज्याला चतुर वाटला असेल त्याला वाईट वाटेल: फोनच्या बटणांवरच्या इंग्रजी अक्षरांत तो ‘लव्ह’ होतो, आणि हे हजारोंना सुचलेलं होतं.

मग सहा अंक घ्यावेत, असा सल्ला सगळीकडे मिळतो. आयफोननेही २०१५पासून चारऐवजी सहा अंक हाच ठरलेला प्रघात केला. पण जर्मनीतल्या बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२०मध्ये बाराशेहून अधिक लोकांना पिन निवडायला लावून तपासलं, तेव्हा निष्कर्ष निघाला की चोराला मोजकेच प्रयत्न करता येत असतील, तर लोकांनी स्वतः निवडलेले सहाअंकी पिन चारअंकींपेक्षा फारसे सुरक्षित नसतात. कारण सहा अंक म्हटल्यावर माणूस १२३४५६ लिहितो, १२३१२३ लिहितो, १५९७५३ लिहितो. हा शेवटचा आकडा कळफलकावर बोट फिरवून पाहावा: दोन तिरक्या रेघा, एक फुली.

सहा अंकांचा मोह भारतात आणखी एका जागी ओढतो, तो म्हणजे पोस्टाचा पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे पंडित आणि डाक खात्यातले अधिकारी. त्यांनी नंबर असा बांधला की पाहताक्षणी ठिकाण कळावं: ४०पासून ४४पर्यंतच्या आकड्यांनी सुरू झाला तर महाराष्ट्र किंवा गोवा, ४११ म्हणजे पुण्याकडचा, ४०३ म्हणजे गोव्यातला. पत्र योग्य गावी पोचावं म्हणून केलेली ही सोय फोनच्या कुलपाला लावली, तर चोरालाही तितक्याच अचूक पोचवते. पाकिटातल्या लायसन्सवर पत्ता छापलेलाच असतो. जन्मतारखेचं तेच. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२मध्ये बँकेच्या कार्डांचे पिन अभ्यासले आणि हिशेब मांडला: चोरलेल्या पाकिटात जन्मतारीख असेल, तर सुमारे ११ ते १८ पाकिटांमागे एका पाकिटातल्या कार्डाचा पिन चोराला ओळखता येईल. त्यांनी आपल्या निबंधाला नावच दिलं होतं, दर अकरा पाकिटांमागे वाढदिवसाची एक भेट.

इथे एक प्रश्न रास्त आहे. चुकीच्या पिननंतर फोन थांबायला लावतो. मग चोर किती आकडे करून पाहणार? आयफोनवर दहा चुका झाल्या, की फोन कायमचा अडतो, आणि सेटिंग्जमध्ये तसं ठरवलेलं असेल तर माहितीच पुसली जाते. अँड्रॉइड थांबवण्याचा वेळ हळूहळू वाढवत नेतं. काही वर्षांपूर्वीच्या अँड्रॉइड फोनांवर शंभर आकडे करून पाहायला पावणेअकरा तास लागत, म्हणजे एका रात्रीचं काम. त्यापुढे प्रत्येक दहा प्रयत्नांना वाट पाहण्याचा वेळ दुप्पट होई आणि अखेर एका प्रयत्नाला एक दिवस लागे. थोडक्यात, ज्याच्याजवळ फक्त चोरलेला फोन आहे, त्याला दहापासून शंभरपर्यंत संधी मिळतात. तेवढ्यात लोकप्रिय आकडे, मालकाची जन्मतारीख, गाडीचा नंबर, पिनकोड हे सगळं सहज बसतं. हजारभर शक्यतांत कुठेतरी दडलेला आकडा मात्र बसत नाही.

थांबवण्याची ही यंत्रणाच कोणी निकामी केली तर? तेही घडलेलं आहे. डिसेंबर २०१५मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे झालेल्या गोळीबारानंतर हल्लेखोराचा आयफोन ५सी एफबीआयला उघडता येईना. प्रयत्नांची मर्यादा काढून द्या, म्हणून प्रकरण न्यायालयात गेलं, अॅपलने नकार दिला आणि मार्च २०१६मध्ये एका बाहेरच्या कंपनीच्या मदतीने फोन उघडल्याचं सरकारने सांगितलं. त्याच वर्षी केंब्रिजमधल्या सर्गेई स्कोरोबोगातोव्ह यांनी शंभर डॉलरहून कमी किमतीच्या सामानात त्याच मॉडेलवर एक युक्ती करून दाखवली: स्मृतीची चिप काढायची, तिची नक्कल करायची आणि प्रयत्न संपत आले की पुन्हा पहिली स्थिती भरायची. चार अंकांच्या सगळ्या शक्यता तपासायला त्यांच्या हिशेबाने सुमारे ४० तास लागतात.

आजच्या फोनवर ती युक्ती चालत नाही. पण प्रयत्नांची मर्यादा मोडली जाऊ शकते हे गृहीत धरूनच आणखी एक भिंत बांधलेली असते. आयफोन पिनपासून किल्ली घडवताना मुद्दाम इतकं गणित करतो, की एका प्रयत्नाला सुमारे ८० मिलीसेकंद लागतात. बोटं चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही. यंत्राने सगळे आकडे ओळीने करून पाहायचे म्हटलं, तर चार अंकांचे १० हजार पिन सव्वातेरा मिनिटांत संपतात, आणि सहा अंकांचे १० लाख सुमारे २२ तासांत. सहाच जागा, पण अंकांसोबत इंग्रजी लहान अक्षरंही वापरली, तर अॅपलच्याच हिशेबाने साडेपाच वर्षांहून अधिक. ज्याच्या फोनमध्ये वृत्तपत्राचे स्रोत, अशिलांची कागदपत्रं असं काही आहे, त्याने अक्षरांचा पासवर्ड लावावा. बाकीच्यांना सहा अंक पुरतात, पण एका अटीवर: ते डोक्यातून आलेले नसावेत.

डोक्यातून न येणारे अंक आणायचे कुठून? खिशातून.

समजा, नाशिकमध्ये एक किराणा दुकानदार आहे. त्याचा फोन दिवसभर गल्ल्याशेजारी पडलेला, गिऱ्हाइकांसमोर उघडतो-मिटतो. फोनला अंगठा लावलेला आहे, पण गुळाच्या चिकटलेल्या हातांनी तो दिवसातून चार वेळा चालत नाही, आणि मग सगळ्यांदेखत पिन टाकला जातो: ४२२००१, नाशिकचाच पिनकोड. बायकोने एकदा म्हटलंही, ‘अहो, गणपतीची पावती फाडायला आलेल्या पोरांनासुद्धा तुमचा नंबर पाठ झालाय.’

दुकानदार गल्ल्यातून तीन जुन्या, वेगवेगळ्या हातांतून आलेल्या नोटा काढतो. बँकेतून आलेलं कोरं बंडल चालणार नाही, कारण त्यात नंबर ओळीने असतात. प्रत्येक नोटेवर अक्षरांनंतर सहा अंक छापलेले असतात. त्यांतले शेवटचे दोन घ्यायचे. पहिल्या नोटेवर ४७, दुसरीवर ०९, तिसरीवर ८३. पिन झाला ४७०९८३. मग दोन गोष्टी तपासायच्या. तारीख दिसते का? ४७ तारीख नसते. उलटं वाचलं तरी ३८ नसते. कळफलकावर सरळ रेघ, फुली, कोपरे अशी आकृती होते का? नाही. नोटांत योगायोगाने १११२१३सारखं काही निघालं असतं, तर त्या परत गल्ल्यात टाकून दुसऱ्या तीन काढायच्या. आकडा आवडला नाही म्हणून मात्र बदलायचा नाही. आवडीनिवडी आल्या, की पुन्हा तीच ओळखीची वळणं येतात. तीनही नोटा संध्याकाळपर्यंत सुट्या म्हणून निघून जातात. (इथे छापलेला आकडा अर्थात आता कोणीच वापरू नये.)

असा आकडा लक्षात राहील का, हीच सगळ्यांची पहिली भीती असते, आणि ती खोटी नाही. नव्या पिनचा सगळ्यात मोठा शत्रू चोर नसतो, विसरणं असतं. पिन विसरला तर फोन पुसून नव्याने सुरू करण्याशिवाय बहुतेक वेळा गत्यंतर नसतं, आणि पुसल्यावरही तो जुन्या गूगल किंवा अॅपल खात्याचा पासवर्ड मागतो. म्हणून पिन बदलण्याआधी फोटो आणि संपर्कांची प्रत खात्यात किंवा संगणकावर आहे ना, हे पाहायचं. बदल सकाळी करायचा, रात्री झोपताना नाही. आणि पहिले पाच-सहा दिवस अंगठा पूर्ण बंद ठेवायचा. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा तेच सहा अंक टाकले, की तिसऱ्या दिवशी बोटं आपोआप वळतात. दुकानदार ते दोनदोनच्या जोड्यांत म्हणतो: सत्तेचाळीस, शून्य नऊ, त्र्याऐंशी. मराठीत पाढे पाठ झालेल्या पिढीला ही चाल आयती मिळालेली आहे. तोपर्यंत आकडा एका चिठ्ठीवर, कशाचा ते न लिहिता, घरातल्या कपाटात. फोनच्या कव्हरमागे नाही.

आठवडाभराने अंगठा पुन्हा सुरू. आता त्याचा खरा उपयोग दिसतो. रोज शंभर वेळा टाकावा लागला असता, तर कोणीही कठीण पिन लावला नसता; आणि जितक्या वेळा टाकला, तितक्या वेळा तो कोणाच्या तरी नजरेस पडला असता. अंगठ्यामुळे पिन टाकण्याची वेळ दिवसातून एखाद-दुसरी उरते, म्हणून तो लांब आणि बेढब ठेवणं परवडतं. दुकानदाराने दोन्ही हातांची मिळून तीन बोटं नोंदली आहेत, कारण उजवा अंगठा गुळात असतो.

सहा अंक टाकताना शेजारच्याने पाहिले तर? अमेरिकेत २०१७मध्ये झालेल्या एका प्रयोगात फोन उघडतानाचा व्हिडिओ लोकांना एकदाच दाखवला. सहाअंकी पिन सुमारे ११ टक्क्यांना बरोबर सांगता आला. ठिपके जोडायचा पॅटर्न मात्र तब्बल ६४ टक्क्यांनी ओळखला; आकृती डोळ्यांत भरते, अंक भरत नाहीत. पडद्यावर राहिलेल्या तेलकट रेघांतूनही पॅटर्न वाचता येतो, हे पेन्सिल्व्हेनियातल्या संशोधकांनी २०१०मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे ज्यांच्या फोनला अजून पॅटर्न आहे, त्यांनी या लेखातली एकच गोष्ट करायची असेल, तर तो काढून पिन लावावा. लोकलमध्ये, रांगेत पिन टाकताना एटीएमसमोर करतात तसा दुसऱ्या हाताचा आडोसा करावा. दोन वेळा पाहिलं, तर पिन ओळखणाऱ्यांचं प्रमाण ११वरून २७ टक्क्यांपर्यंत गेलं होतं.

स्क्रीनचा पिन यूपीआयला लावू नये, कार्डालाही नाही. दुकानदाराचा जुना यूपीआय पिन ४२२० होता, म्हणजे स्क्रीनच्याच आकड्याचं शेपूट तोडलेलं. तोही त्याने दुसऱ्या नोटा काढून बदलला. लॉक पडद्यावर एसएमएसचा मजकूर दिसणं बंद केलं, नाहीतर ओटीपी वाचायला पिनची गरजच पडत नाही. गॅलरीतले कार्डाचे फोटोही काढून टाकले, आणि मग ते ‘नुकतेच पुसलेले’ या कप्प्यातूनही काढले, जिथे ते एरवी महिनाभर पडून राहतात.

शेवटचं काम नोंदलेल्या बोटांच्या यादीचं. सेटिंग्जमधली ही यादी फोन घेतल्यापासून कोणी पाहिलेली नसते. अनेक फोनांत त्या पानावर असताना सेन्सरला बोट लावलं, की यादीतली जुळणारी ओळ चमकते. दुकानदाराने एकेक बोट लावून पाहिलं. तीन ओळी चमकल्या, चौथी चमकेना. बऱ्याच वेळाने आठवलं: दोन वर्षांपूर्वी दुकानात कामाला असलेल्या मुलाचं बोट, ऑर्डर बघायला सोपं जावं म्हणून. मुलगा सज्जन होता; तरी ती ओळ पुसली. पिन कोणी पाहिल्याच्या संशयाने बदलला असेल, तर ही यादी तपासल्याशिवाय बदल अपुरा राहतो, कारण जुन्या पिनने घुसवलेलं बोट नव्या पिननंतरही फोन उघडत राहतं. आयफोनवाल्यांना आणखी एक पाऊल आहे. आयओएस १७पासून पासकोड बदलल्यावर, नवा विसरला तर सोय म्हणून, जुना पासकोड ७२ तास चालवून नवा लावता येतो. विसरण्याची भीती असेल तर ही सोय राहू द्यावी. पण जुना आकडा कोणाला कळला म्हणूनच बदल केला असेल, तर सेटिंग्जमध्ये पासकोडच्या पानावर तो ताबडतोब रद्द करण्याचा पर्याय असतो, तो त्याच वेळी दाबावा.